शेअर कोड नाशिकला आला, तरी पडताळणी लेस्टरलाच व्हायला हवी

वाचकाचे पत्र: माझे धाकटे दीर इंग्लंडमध्ये लेस्टरला मिसळ-वडापावचे छोटे उपाहारगृह चालवतात. त्यांचे पगारपत्रक आणि कर्मचाऱ्यांच्या फायली मी इथूनच सांभाळते; मात्र मी त्यांच्या कंपनीत नोकरीला नाही, घरचे काम म्हणून करते. नवा माणूस आला की त्याला काम करण्याची मुभा आहे का हे ऑनलाइन पाहण्यासाठी लागणारा शेअर कोड तो मला व्हॉट्सॲपवर पाठवतो, मी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर तपासते आणि पान जपून ठेवते. नाशिकचीच एक मुलगी तिथे एम.एस्सी. करते, ती मार्चपासून आमच्याकडे आहे. जून-जुलैत सुटी म्हणून तिला आठवड्याला पस्तीस तास काम दिले. परवा त्याच रस्त्यावरच्या एका दुकानात इमिग्रेशनचे पथक आले आणि दीर फार घाबरले आहेत. आमच्याकडे आले तर ते नेमके काय बघतील? माझ्या फायली पुरेशा आहेत का? — एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी काळजीच्या आहेत. पहिली म्हणजे पडताळणी कोणी केली ही, आणि दुसरी म्हणजे जून-जुलैतील पस्तीस तास ही. तुमची नीटनेटकी फाईल या दोन्हींवर उत्तर ठरत नाही. असे का, हे समजण्यासाठी हा कायदा मालकाकडून नक्की काय मागतो हे आधी पाहावे लागेल.

आपल्याकडे सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात कामगार खात्याचा निरीक्षक आला आणि हजेरीपट किंवा वेतन नोंदवही सापडली नाही, तर नोंदवही नसणे हीच कसूर धरली जाते. ब्रिटनमधील कामाच्या अधिकाराची पडताळणी त्या प्रकारची नाही. तेथील 2006 च्या इमिग्रेशन, असायलम अँड नॅशनॅलिटी ॲक्टच्या कलम 15 नुसार दंड होतो तो काम करण्याचा अधिकार नसलेल्या, किंवा ते विशिष्ट काम करण्याची मुभा नसलेल्या व्यक्तीला नोकरीवर ठेवल्याबद्दल. पडताळणी केली नाही एवढ्याच कारणाने दंड होत नाही. मात्र अशी व्यक्ती तुमच्याकडे सापडली, तर ज्या मालकाने नोकरी सुरू होण्यापूर्वी ठरवून दिलेल्या पद्धतीने पडताळणी केलेली असते त्याला दंडातून सूट मिळते, आणि यालाच वैधानिक बचाव म्हणतात. म्हणजे तुमच्या फायलीतील प्रत्येक पान एकाच प्रश्नापुरते उपयोगाचे आहे: उद्या हा माणूस अनधिकृत ठरला, तर मालकाकडे हा बचाव आहे की नाही?

हा बचाव मिळण्याच्या अटी काटेकोर आहेत. मालकाने स्वतः किंवा त्याच्या नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने पडताळणी करावी लागते. बाहेरच्या हिशेबनिसाने, भरती करणाऱ्या एजन्सीने, सल्लागाराने किंवा घरातील नातेवाइकाने केलेली पडताळणी कितीही काळजीपूर्वक असली, तरी मालकाला त्यातून बचाव मिळत नाही. याला एकच अपवाद आहे. ज्यांच्याकडे मुदतीतील ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट आहे, त्यांची ओळख डिजिटल पद्धतीने पटवून देणाऱ्या सेवा कंपनीकडून ते काम करून घेता येते, आणि तेव्हाही समोर उभा असलेला माणूस तोच आहे ना, हे मालकालाच पाहावे लागते. ताई, तुम्ही दिरांच्या कंपनीच्या पगारपत्रकावर नाही. त्यामुळे तुम्ही केलेल्या सगळ्या पडताळण्या कायद्याच्या दृष्टीने बाहेरच्या व्यक्तीच्या ठरतात, आणि तुमचे कष्ट पाहता हे सांगताना मला वाईट वाटते.

आता ऑनलाइन पडताळणीत काय व्हायला हवे ते क्रमाने सांगतो. ब्रिटनमध्ये आता बहुतेक परदेशी कर्मचाऱ्यांकडे ई-व्हिसा असतो. पूर्वीच्या प्लॅस्टिकच्या बायोमेट्रिक परवाना कार्डांची मुदत 2024 च्या अखेरीस संपली, आणि 6 एप्रिल 2022 पासून ती कार्डे हातात घेऊन केलेली पडताळणी तशीही चालत नव्हती. कर्मचारी स्वतःच्या खात्यातून नऊ अक्षरांचा शेअर कोड काढतो. कामाच्या अधिकारासाठीचा कोड W या अक्षराने सुरू होतो आणि तो 90 दिवस चालतो. मालकाने gov.uk/view-right-to-work या पानावर जाऊन तो कोड आणि कर्मचाऱ्याची जन्मतारीख भरायची असते. कर्मचाऱ्याने स्वतःच्या फोनवर दाखवलेले पान किंवा पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही, कारण तो मालकाच्या बाजूने पाहिलेला निकाल नसतो. पान उघडले की त्यावर छायाचित्र, कामाची मुभा, तिची मुदत आणि अटी दिसतात. ते छायाचित्र प्रत्यक्ष समोर बसलेल्या किंवा थेट व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या व्यक्तीशी जुळवून पाहायचे, आणि मगच पान पीडीएफ करून किंवा छापून ठेवायचे. ते नोकरी असेपर्यंत आणि नोकरी संपल्यानंतर दोन वर्षे जपावे लागते.

यातील छायाचित्राची पायरी तुमच्या पद्धतीत पूर्णपणे गळलेली दिसते. कोड व्हॉट्सॲपवर आला, तुम्ही पान पाहिले, पान साठवले. पण त्या पानावरचा चेहरा आणि लेस्टरच्या स्वयंपाकघरात तवा सांभाळणारा चेहरा एकच आहे, हे कोणी पाहिले? दुसऱ्याचा कोड देऊन काम मिळवणे हा ब्रिटनमध्ये आढळणारा प्रकार आहे आणि छायाचित्राची पायरी त्यासाठीच घातलेली आहे. पथक येते तेव्हा तेही नेमके हेच जुळवते.

ब्रिटिश नागरिक असलेल्या कर्मचाऱ्यांचा शेअर कोड नसतो. त्यांचा पासपोर्ट मालकाने मूळ स्वरूपात हातात घेऊन पाहायचा, त्यावरचे छायाचित्र आणि जन्मतारीख जुळवायची, प्रत काढायची आणि पडताळणी कोणत्या तारखेला केली हे लिहून ठेवायचे. या पद्धतीत मुदत संपलेला ब्रिटिश पासपोर्टही चालतो. ज्याच्याकडे पासपोर्टच नाही त्याचा ब्रिटनमधील जन्मदाखला आणि सरकारी कागदावरील राष्ट्रीय विमा क्रमांक एकत्र चालतो, मात्र नुसता विमा क्रमांक किंवा नुसता वाहन परवाना हा कामाच्या अधिकाराचा पुरावा नव्हे. लेस्टरमध्ये जन्मलेल्या, आपल्याच ओळखीच्या घरातील मुलांना कागद विचारणे दिरांना अवघड वाटत असेल, तरी विचारावे लागतील. नव्याने भारतातून आलेल्यांचेच कागद तपासायचे आणि बाकीच्यांना तसेच घ्यायचे, हे 2010 च्या समानता कायद्यानुसार भेदभाव ठरू शकते. त्याचा दावा वेगळ्या न्यायाधिकरणात चालतो आणि त्यातील भरपाईला वरची मर्यादा नाही.

आता त्या मुलीकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातला खरा धोका तिथे आहे.

पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येते; पदवीपेक्षा खालच्या अभ्यासक्रमाला ही मर्यादा 10 तासांची आहे. सुटीत पूर्णवेळ काम चालते. तुम्ही आणि दिरांनी जून-जुलै म्हणजे सुटी असे धरले, आणि पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते बहुधा बरोबरही ठरले असते. पण एक वर्षाच्या एम.एस्सी.मध्ये उन्हाळ्याचे महिने सहसा प्रबंध लिहिण्याचे असतात. वर्ग भरत नसले तरी तो काळ विद्यापीठाच्या लेखी अभ्यासाचाच असतो, सुटीचा नसतो. त्या मुलीच्या मैत्रिणींना सुटी असेल आणि विद्यापीठाच्या परिसरात शुकशुकाट असेल, तरी तिची 20 तासांची मर्यादा प्रबंध चालू असलेल्या प्रत्येक आठवड्यात कायम राहते. अपवाद फक्त विद्यापीठाने त्या अभ्यासक्रमासाठी जाहीर केलेल्या सुट्यांचा.

म्हणूनच विद्यार्थी कर्मचाऱ्याच्या बाबतीत ऑनलाइन पान पुरत नाही. त्याच्या अभ्यासक्रमाच्या सत्रांच्या आणि सुट्यांच्या तारखांचा पुरावा मालकाने मिळवून फायलीत ठेवणे बंधनकारक आहे. विद्यापीठाचे पत्र, किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील त्या विशिष्ट अभ्यासक्रमाच्या तारखांची छापील प्रत यासाठी चालते. ‘त्या विशिष्ट अभ्यासक्रमाच्या’ यावर मी मुद्दाम जोर देतो, कारण विद्यापीठाचे सर्वसाधारण वेळापत्रक पदवीपूर्व विद्यार्थ्यांना धरून असते आणि घोटाळा तिथेच होतो. तुमच्या फायलीत हा कागद आहे का? पत्रावरून तरी तो नसावा असे वाटते.

तास मोजण्याचीही एक रीत आहे. इथे आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, आणि मर्यादा प्रत्येक आठवड्याला स्वतंत्रपणे लागू होते. एका आठवड्यात 12 आणि पुढच्यात 28 तास झाले, तर सरासरी 20 आली म्हणून चालत नाही; दुसऱ्या आठवड्यात भंग झालाच. दोन ठिकाणी नोकरी असेल तर दोन्हींचे तास मिळून 20. तुमच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट सांभाळायला हवी. तुम्ही हजेरीचे ॲप नाशिकच्या घड्याळावर पाहत असाल, तर लेस्टरमध्ये रविवारी रात्री आठ वाजता सुरू झालेली पाळी तुम्हाला सोमवारी सुरू झालेली दिसेल, कारण उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतो. ती पाळी तुम्ही चुकीच्या आठवड्यात मोजाल, आणि वीसच्या आत आहोत असे समजत असताना प्रत्यक्षात चोवीस झालेले असतील. ॲपचा कालविभाग लंडनचा करून घ्या.

आता समजा, पडताळणी दिरांनी स्वतः अगदी नियमाप्रमाणे केली असती, तरी पस्तीस तासांना बचाव मिळाला असता का? नसता. ऑनलाइन पानावर 20 तासांची अट छापलेलीच असते, आणि रोटा म्हणजे पाळ्यांचा तक्ता दिरांनीच लावलेला असतो. परवानगी नसलेले काम आपण देत आहोत हे ज्या मालकाला माहीत असते, त्याला पडताळणीचा कागद वाचवत नाही. याहून पुढे, माहीत असून किंवा तसे मानण्यास वाजवी कारण असून अनधिकृत व्यक्तीला नोकरी देणे हा त्याच 2006 च्या कायद्याच्या कलम 21 खाली फौजदारी गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सुटीच्या तारखांबद्दलचा प्रामाणिक गैरसमज आणि जाणूनबुजून केलेला भंग यांत फरक आहे. पण तो फरक दाखवायला त्या वेळचे कागद लागतात, नंतर तयार केलेले नव्हेत.

पथक काय पाहते, हा तुमचा मूळ प्रश्न. ब्रिटिश गृह खात्याच्या इमिग्रेशन एन्फोर्समेंट विभागाची पथके बहुधा मिळालेल्या माहितीवरून आणि पूर्वसूचना न देता येतात. मालकाच्या संमतीने, न्यायालयाच्या वॉरंटने किंवा विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी अधिकारपत्राने त्यांना आत येता येते. उपाहारगृहाकडे मद्याचा, किंवा रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत गरम खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना असेल, तर परवानाधारक जागेत वॉरंटशिवाय येण्याचा अधिकार त्यांना 2017 पासून आहे. दिरांनी दारात ओळखपत्र आणि अधिकाराचा कागद पाहायला मागावा, तो शांतपणे वाचावा आणि त्याचे छायाचित्र किंवा प्रत ठेवावी. कोणाला मागच्या दाराने जायला सांगू नये, कोणी काय उत्तर द्यावे हे पढवू नये. अधिकाऱ्यांच्या कामात अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आत आल्यावर ते पहिल्यांदा माणसे पाहतात. कोण कोणत्या कामावर आहे, कोणाच्या अंगावर ॲप्रन आहे, कोण पीठ मळतो आहे, कोण गल्ल्यावर आहे, याची नोंद होते, कारण ‘मी नुसताच भेटायला आलो होतो’ हे उत्तर हाताला पीठ लागलेले असताना टिकत नाही. मग नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व विचारून ते आपल्या यंत्रणेत तपासतात. संशय असेल तर बोटांचे ठसेही घेतात. त्यानंतर कर्मचाऱ्याला वेगळे बसवून विचारतात: तुम्हाला कामावर कोणी ठेवले, वेळा कोण ठरवतो, पगार किती, रोख की बँकेत, जेवण-राहणे कोण देते, रुजू होताना कोणते कागद दाखवले आणि ते कोणी पाहिले. या प्रश्नांतून मालक नक्की कोण आहे आणि मालकाला काय माहीत होते, हे त्यांना ठरवायचे असते.

त्याच वेळी दिरांकडे पडताळणीच्या प्रती, रोटा, हजेरी, पे-स्लिपा, बँकेतून गेलेल्या पगाराच्या नोंदी मागितल्या जातात. जागेत कायदेशीरपणे आलेल्या अधिकाऱ्यांना दंडाच्या निर्णयाला उपयोगी पडतील असे कागद शोधण्याचा आणि ताब्यात घेण्याचा अधिकार असतो. ते कागद एकमेकांशी ताडून पाहतात. पडताळणीची तारीख पहिल्या पगाराच्या आधीची आहे का? रोट्यावर सात नावे आणि पगारपत्रकावर पाच, असे का? रोट्यावर पस्तीस तास आणि पे-स्लिपवर वीस, तर उरलेले पंधरा कुठे गेले? पान ज्या कंपनीच्या नावाने पाहिले तीच कंपनी पगार देते का? बनवलेला कागद इथेच उघडा पडतो. म्हणून मी तुम्हाला कळकळीने सांगतो की, जून-जुलैच्या रोट्यात एक आकडाही बदलू नका आणि पडताळणीच्या कोणत्याही पानावर मागची तारीख घालू नका.

‘ते कोणी पाहिले’ या प्रश्नाला तुमचे सहा-सात कर्मचारी आज काय उत्तर देतील? ‘मालकांच्या वहिनींनी, नाशिकहून.’ उत्तर खरे असेल, आणि बचावही तिथेच संपेल.

पथक निघताना तिथल्या तिथे दंड वसूल करत नाही. अनधिकृत काम आढळले तर प्रकरण दंडाचा निर्णय घेणाऱ्या विभागाकडे पाठवत असल्याची नोटीस देते. तो विभाग मालकाकडे माहिती मागतो आणि मग दंडाची नोटीस, ताकीद किंवा कारवाई नाही असे कळवतो. रकमेचा हिशेब दिरांना समजावून सांगा. 13 फेब्रुवारी 2024 पासून पहिल्या भंगाला एका कर्मचाऱ्यामागे 45,000 पौंडांपर्यंत दंड आहे, म्हणजे साधारण अर्धा कोटी रुपये. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास 60,000 पौंडांपर्यंत. एका विद्यार्थिनीपुरते धरले, तर सुरुवात 45,000 पासून होते. तपासात सक्रिय सहकार्य केल्याबद्दल 5,000 कमी होऊन 40,000 राहतात. ही पहिलीच वेळ असल्याने 21 दिवसांत भरल्यास त्यावर 30 टक्के सूट मिळते आणि 28,000 पौंड भरावे लागतात. पथक येण्यापूर्वीच मालकाने संशयित प्रकार गृह खात्याला कळवून त्याचा संदर्भ क्रमांक घेतला असेल, तर आणखी 5,000 कमी होतात. आणि कळवणे, सहकार्य या दोन्हींबरोबर पडताळणीची चोख पद्धतही दाखवता आली, तर पहिल्या वेळी दंडाऐवजी ताकीद मिळू शकते. नोटीस मान्य नसेल तर 28 दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते आणि ती फेटाळली गेल्यास काउंटी कोर्टात अपील करता येते.

मग आता काय करावे?

त्या मुलीचे तास याच आठवड्यापासून 20 च्या आत आणा आणि तिच्या अभ्यासक्रमाच्या तारखांचे पत्र विद्यापीठाकडून मागवून घ्या. पत्र आल्यावर जून-जुलैचा प्रत्येक आठवडा त्याच्याशी ताडून पाहा. काही दिवस खरोखर जाहीर सुटीचे निघाले, तर तेवढा भाग निर्दोष ठरेल. उरलेल्या आठवड्यांचे काय करायचे, विशेषतः गृह खात्याला आपणहून कळवायचे का, हे दिरांनी लेस्टरमधील सॉलिसिटरशी किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराशी बोलूनच ठरवावे. त्या मुलीला मात्र वेगळा सल्लागार हवा. मालकाने कळवल्यास दंड कमी होतो, पण तिच्या बाजूने तोच कागद अटीच्या भंगाचा पुरावा ठरतो आणि तिचा व्हिसा रद्द होऊ शकतो. दोघांचे हित इथे एक नाही. घरापासून इतक्या दूर एकटी असलेल्या मुलीला हे स्पष्ट सांगणे आणि तिच्या विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या मदत कक्षाचा रस्ता दाखवणे, हे मी दिरांचे कर्तव्य मानतो. तिला घाईने कामावरून काढून टाकल्याने झालेला भंग पुसला जात नाही.

बाकीच्या सर्व कर्मचाऱ्यांची पडताळणी दिरांनी किंवा त्यांच्या पगारी व्यवस्थापकाने पुन्हा, समोर बसवून, आजच्या तारखेने करावी. नोकरी सुरू झाल्यानंतरची पडताळणी मागच्या काळाचा बचाव परत आणत नाही. पण कोणाला अधिकार आहे आणि कोणाला नाही हे आज कळेल, आणि सगळ्यांना अधिकार असेल तर दंडाचा प्रश्नच उरत नाही. इथून पुढे नवा माणूस पहिल्या पाळीला उभा राहण्यापूर्वी हे व्हावे. ‘दोन दिवस काम बघू, मग कागद’ असे नको.

ताई, तुमच्यासाठी काम बरेच उरते, आणि ते लेस्टरच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्यांच्या व्हिसाला मुदत आहे त्यांची नवी पडताळणी ती तारीख उलटण्यापूर्वी व्हावी लागते. तारखांची वही तुम्ही ठेवा आणि दोन महिने आधी दिरांना आठवण करा. कोणी मुदतीपूर्वी नव्या व्हिसासाठी अर्ज केला असेल आणि निकाल आला नसेल, तर दिरांनी गृह खात्याच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे विचारणा करायची असते. तिथून होकाराची लेखी सूचना आली की सहा महिन्यांचा बचाव मिळतो. त्या सहा महिन्यांची तारीखही वहीत चढवा. दर सोमवारी विद्यार्थी कर्मचाऱ्यांच्या गेल्या आठवड्याच्या तासांची बेरीज करा आणि पुढचा रोटा लागण्यापूर्वी ती दिरांना पाठवा. हे सर्व हिशेबाचे काम आहे आणि ते नाशिकहून करण्यास काहीच हरकत नाही.

पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती मात्र व्हॉट्सॲपवर मागवणे थांबवा. कर्मचाऱ्यांची माहिती ब्रिटनबाहेर पाठवण्याला तेथील माहिती संरक्षण कायद्याच्या अटी लागू होतात. दिरांनी फायली लेस्टरला सुरक्षित ठिकाणी ठेवाव्यात आणि तुम्हाला फक्त नाव, मुदत आणि तासांची मर्यादा एवढीच यादी द्यावी. तुमच्या वहीला याहून अधिक काही लागत नाही.

तुम्ही विचारलेले नाही, पण अशा घरगुती व्यवसायांत हमखास घडते म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. तुम्ही किंवा सासूबाई पर्यटक व्हिसावर दिरांकडे गेलात, तर उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात हातभार लावायला उभ्या राहू नका. पर्यटक व्हिसावर काम करण्याची मुभा नसते, आणि पगार घेतला नाही म्हणून काम हे काम राहत नाही असे होत नाही. सासूबाईंच्या हातची मिसळ दिरांच्या घरच्या ओट्यावर होऊ द्या. उपाहारगृहात त्या पाहुण्या म्हणून बाहेरच्या टेबलाशीच बसू द्या.